बेनिफिट्स मॅनेजमेंट प्लॅन: टीम पांगल्यावर फायदा मोजणार कोण? या चुका टाळा

गो-लाइव्ह झालं, केक कापला, टीम पुढच्या प्रोजेक्टवर गेली. मग सातआठ महिन्यांनी फायनान्सवाले विचारतात, "अहो, ते जे वाचणार होतं ते वाचलं का?" आणि सगळे एकमेकांकडे बघतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चीड येते, म्हणून लिहितोय. बेनिफिट्स मॅनेजमेंट प्लॅन म्हणजे प्रोजेक्टमधून कोणता फायदा होणार, तो कोण, कसा आणि कधी मोजणार हे आधीच लिहून ठेवलेला कागद, आणि या चुका तो करतानाच्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बेसलाइन, म्हणजे बदलाच्या आधीचा आकडा, न घेणं. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही डिस्पॅचला बारकोड स्कॅनिंग बसवलं. बिझनेस केसमध्ये वचन होतं की ट्रक गेटमधून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतचा वेळ दीड तासाने कमी होईल आणि ट्रक अडकून राहिल्याबद्दल ट्रान्सपोर्टरला द्यावं लागणारं डिटेन्शन घटेल. पण आधी किती वेळ लागत होता हे कुणी मोजलंच नव्हतं, "साधारण चार तास" असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं आणि तेच स्लाइडवर गेलं. आठ महिन्यांनी हिशोब मागितला तेव्हा आम्हाला वाचवलं सिक्युरिटीच्या गेट रजिस्टरने. वॉचमन काका प्रत्येक ट्रकचा इन-टाइम, आउट-टाइम पेनाने लिहायचे. ती जुनी रजिस्टरं स्टोअरमधून धूळ झटकून काढली, तीन महिन्यांच्या नोंदी दोन पोरांनी बसून टाइप केल्या. सरासरी निघाली 3 तास 40 मिनिटं, नंतरची 2 तास 50. म्हणजे 50 मिनिटं वाचली.

थांबा, तेही खरं नव्हतं. मधल्या काळात कारखान्याने दुसरा लोडिंग डॉक सुरू केला होता, त्याचा आमच्या स्कॅनिंगशी काही संबंध नाही. मग फक्त जुन्या डॉकवर भरलेले ट्रक वेगळे काढले, तर फरक 35 मिनिटांचा. तिथलीसुद्धा गर्दी नव्या डॉकमुळे थोडी कमी झाली असणार, म्हणून आम्ही "जास्तीत जास्त 35" असंच लिहिलं. दीड तासाचे पस्तीस. तेव्हापासून माझी सवय अशी की स्कॅनरची ऑर्डर जायच्या आधी निदान तीन महिन्यांचा आकडा हातात पाहिजे, आणि त्याच काळात तिथे दुसरं काय बदलतंय हेही प्लॅनमध्ये लिहायचं. घाईवाले म्हणतात बेसलाइन नंतर काढू. नंतर जुनी पद्धतच बंद झालेली असते, काढणार कशातून?

दुसरी चूक, फायद्याचा ओनर म्हणून "लॉजिस्टिक्स डिपार्टमेंट" लिहिणं. डिपार्टमेंटला कुणी फोन करत नाही. आणि प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव लिहिणं त्याहून वाईट, तो तर जाणारच आहे! ज्याच्या बजेटमधून डिटेन्शनचं बिल जातं तोच ओनर, म्हणजे आमच्या केसमध्ये लॉजिस्टिक्स मॅनेजर. मी त्यांना सरळ विचारतो, "साहेब, पुढच्या वर्षीच्या बजेटमधून ही रक्कम कमी करू ना?" समोरचा गप्प बसला तर तो फायदा कागदावरचाच आहे असं समजा. सही गो-लाइव्हच्या आधी घ्यायची, नंतर कुणी हाताला लागत नाही. नावासोबत पदही लिहा, कारण माणूस बदली होऊन गेला तर खुर्चीवर येणाऱ्याला हँडओव्हरमध्ये हे मिळालं पाहिजे.

"रोज दोन तास वाचले" हा तर माझा नावडता फायदा. तास वाचले म्हणजे पैसे वाचले असं नाही. ओव्हरटाइमचं बिल खाली आलं का, ते दाखवा. नसेल आलं तर त्याला पैशाचा आकडा चिकटवू नका, "क्लार्कना दुसऱ्या कामाला वेळ मिळाला" एवढंच लिहा आणि ते दुसरं काम कोणतं तेही लिहा.

आता मोजण्याचं. रिपोर्ट टीममधल्या एका पोराच्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये, पोरगा दुसऱ्या साइटवर, लॅपटॉप आयटीकडे जमा. खेळ खलास. मी टीम सुटायच्या आधी ओनरच्या ऑफिसमधल्या माणसाला बसवतो आणि आम्ही कुणीही न बोलता त्याच्याकडून एकदा आकडा काढून घेतो. अडकला तर प्लॅन अजून तयार नाही.

बाकीच्या किरकोळ चुका. पहिल्याच महिन्यात रिव्ह्यू ठेवणं, तेव्हा लोक स्कॅनर शिकत असतात आणि वेळ उलट वाढलेला दिसतो. वीस फायदे लिहिणं, चार पुरे. तोटे न लिहिणं, लेबल आणि स्कॅनर दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी येणार ते आधीच सांगा.

रिव्ह्यूच्या तारखा मी 3, 6 आणि 12 महिन्यांवर ठेवतो आणि मीटिंगचं बोलावणं फायनान्स कंट्रोलरच्या कॅलेंडरवरून पाठवायला लावतो. माझ्या कॅलेंडरवरून पाठवलं तर मी साइट सोडल्यावर ती मीटिंग कुणीतरी कॅन्सल करतं, दोनदा झालंय.