आजीचा फोटो तीन शाईत: पोस्टरसारखा सपाट चेहरा कसा काढायचा

आजीच्या पंचाहत्तरीला घरातल्या सगळ्यांसाठी कापडी पिशव्या छापायच्या ठरल्या, त्यावर आजीचा चेहरा, त्या जुन्या स्क्रीन प्रिंटच्या पोस्टरसारखा. सोलापूरच्या पूर्व भागात एक जण अजून हातानं स्क्रीन मारतो, त्याच्याकडं फोटो घेऊन गेलो तर म्हणाला, रंग किती ते सांगा, प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, पैसे फ्रेमवर. म्हणलं तीन. घरी येऊन कॉम्प्युटरवर जिम्प हे फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं, Posterize दाबलं आणि आजीला दाखवलं. आजी चष्मा पुसून बघितली आणि म्हणाली, "मला देवी आल्यावानी दिसतंय की रे."

बरोबर होतं तिचं. गालावर ठिपकेच ठिपके, कपाळावर नकाशा. Posterize काय करतं तर लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेल वेगवेगळे घेऊन सारख्या अंतरावर कापतं. लेव्हल ४ ठेवली म्हणजे चार रंग येतात असं वाटतं, पण तिन्हींचे चार-चार धरले तर ६४ पर्यंत रंग होऊ शकतात. आणि काप कुठं पडावा हे तो चेहरा बघून ठरवत नाही, आकडा बघून ठरवतो, मग नेमका गालाच्या मधोमध पडतो. म्हणून ते बटण सोडा. आपण तीन वेळा Threshold वापरून तीन काळे-पांढरे आकार काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. काम दोन संध्याकाळचं आहे, पण प्रत्येक काप आपल्या हातात राहतो.

फोटो कुठला घ्यायचा

एका बाजूनं उजेड आलेला. फ्लॅशचा फोटो बाद, त्यात सावलीच नसते आणि आपलं सगळं काम सावलीवरच आहे. सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हातला पण नको, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. मी आजीला साडेचारच्या सुमारास दारात उंबऱ्यावर बसवलं, उजेड डावीकडनं, उजवा गाल सावलीत. नाकाची सावली एका बाजूला स्पष्ट पडलेली दिसली की फोटो चालतो.

साइज आधीच ठरवा. पिशवीवर १० बाय १२ इंच छापायचं होतं, ३०० पीपीआयनं ३००० बाय ३६०० पिक्सेल. मग Free Select नं माणूस कापून मागचं दार, सायकल, तुळस सगळं काढून टाका, नाहीतर Threshold त्याचेपण आकार करत बसतो.

काळा-पांढरा करताना घाई नको

इथं बहुतेक जण साधं Desaturate मारून पुढं जातात. त्यापेक्षा Colors मेनूतलं Mono Mixer घ्या. त्वचेत लाल जास्त असतो, म्हणून लाल चॅनेलमध्ये चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, डाग-सुरकुत्या कमी होतात. निळ्यात उलट, सगळे डाग उठून दिसतात आणि आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्याचा तर नुसता कोळसा होतो. मी आधी लाल १, बाकी शून्य ठेवलं, चेहरा झकास झाला पण आजीचं कुंकू गायब! कुंकू लाल, कातडीतपण लाल भरपूर, त्यामुळं लाल चॅनेलमध्ये दोन्ही सारखेच उजळ. हिरव्यात मात्र कुंकू काळंभोर. शेवटी लाल ०.६, हिरवा ०.४, निळा ० असं ठेवलं, चेहरा मऊ राहिला आणि कुंकवाची गोल खूण निदान कळायला लागली.

मग Filters > Blur > Median Blur, रेडियस ६ च्या आसपास. हे आत्ताच करायचं, कारण कॅमेऱ्याचा बारीक दाणा Threshold च्या आकड्याच्या थोडा वर थोडा खाली असला की तिथं काळ्या-पांढऱ्या राईच्या दाण्यांचा सडा पडतो. आजीच्या "देव्या" त्यातनंच आल्या होत्या. मीडियन घेतलं की दाणा जातो पण कडा बऱ्यापैकी राहतात, साध्या गॉशियननं कडापण विरघळतात.

तीन काप

या लेयरच्या तीन कॉपी करा आणि प्रत्येकीवर Colors > Threshold वेगळ्या आकड्यानं. दिलेल्या आकड्यापेक्षा गडद ते सगळं काळं होतं, बाकी पांढरं. माझे आकडे निघाले ६२, १०८ आणि १६०, पण हे आजीचे आकडे आहेत, तुमच्या फोटोला ते लागू पडणार नाहीत, स्लायडर हलवून चेहऱ्याकडंच बघायचं.

सुरुवात मधल्या कापापासनं करा, चेहरा ओळखू येतो तो त्याच्यानं. स्लायडर सरकवत गेलं की एका ठिकाणी भुवईखालची सावली, नाकाची बाजू आणि सावलीतला गाल हे तिन्ही जोडून एकच मोठा आकार होतो, तिथं थांबा. थोडं खाली राहिलं तर नाकाची सावली सुटी पडते आणि बेटासारखी तरंगते, थोडं वर गेलं तर उजेडातला गालपण आत यायला लागतो आणि माणसाला दाढी आल्यासारखं दिसतं. मी १०० ते ११५ मध्ये एक एक आकडा करत बघितलं, १०८ ला ओठाखालची सावली हनुवटीपासनं वेगळी झाली तेव्हा आजी आजी वाटायला लागली. मॉनिटरपासनं चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघा, जवळनं काही कळत नाही.

गडद कापात फक्त बाहुल्या, नाकपुड्या, ओठांची फट, मानेखालचा अंधार आणि पदराच्या घड्या हव्यात. इथं माझी एक अडचण झाली. आजीचं इरकल लुगडं मुळातच गडद, ६२ ला ते सगळंच्या सगळं काळंकुट्ट झालं आणि चेहरा त्यावर ठेवलेल्या मुखवट्यासारखा दिसला. एकच आकडा सगळीकडं चालला पाहिजे असं काही नाही. लुगड्यासाठी वेगळी कॉपी घेऊन ३८ ला कापली आणि मास्क लावून गळ्याखाली जोडली. बारीक चौकडी गेली, काठ राहिला, तेवढं बास.

फिकट काप, १६०, म्हणजे उजेडातून सावलीत जाताना लागणारी पट्टी. हा जरा सैल असला तरी चालतो.

कडा साफ करणे

तिन्ही आकारांच्या कडा आता कुरतडल्यासारख्या दिसतील. युक्ती सोपी आहे: प्रत्येक लेयरला गॉशियन ब्लर ४ पिक्सेल आणि लगेच Threshold १२७. सुटे ठिपके गायब होतात, कोपरे गोल होतात, कात्रीनं कागद कापल्यासारखी कड येते. पण याच्यात बारीक रेघापण जातात. आजीच्या चष्म्याची तार अशीच गेली, ती गडद लेयरवर पेननं परत काढली, ८ पिक्सेल जाड. ३०० पीपीआयला ६ पिक्सेल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, त्याच्यापेक्षा बारीक रेघ जाड कापडावर नीट उमटेलच असं नाही. कुंकूपण असंच, मधल्या लेयरवर हातानं गोल टाकला, म्हणजे त्याच शाईत भागलं, चौथी फ्रेम नको.

रंग

तिन्ही लेयरना Color to Alpha नं पांढरा काढून टाका, लेयरची अल्फा लॉक करा, म्हणजे रंग फक्त आकारावरच बसतो, आणि रंग ओता. सगळ्यात खाली फिकट काप, त्यावर मधला, वर गडद. मी घेतलेले:

```
कापड  #F3E3C3
फिकट  #E39A2D
मधला  #B5402A
गडद   #2B1B2E
```

हळदीचा, विटेचा आणि जांभळट काळा. रंग कुठलेही घ्या, हिरवा चेहरा करा, निळा करा, चालतो, फक्त गडद-फिकट क्रम मोडायचा नाही. सावलीच्या जागी पिवळा आणि उजेडाच्या जागी लाल टाकलात की निगेटिव्ह दिसतं. तपासायला सगळ्यावर एक Desaturate मारून बघायचं: चार करडे स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. माझा पहिला लाल आणि पहिला हिरवा रंगीत असताना झगडत होते आणि करडे केल्यावर एकच निघाले, चेहरा सपाट थापी झाला होता.

आजीचे केस पांढरे, कापड मळकट पांढरं, डोकंच दिसेना. मग मागची सगळी जागा फिकट लेयरमध्येच हळदी भरली, केस कोरे सोडले. शाई वाढली नाही आणि केस उठून आले. उजेडाकडच्या गालाची हळदी पट्टी मात्र मागच्या हळदीत मिसळली, कड हरवली. आधी तिथं रेघ मारली, मग पुसली, न मारताच बरं दिसतं, गाल कुठं संपला ते बघणाऱ्याला कळतंच.

छापायला देताना

प्रत्येक लेयर वेगळी, शुद्ध काळ्यात, चारी कोपऱ्यांत जुळणीच्या अधिक-खुणा टाकून द्या. खुणा तिन्ही फाइलींत एकाच जागी पाहिजेत. तिन्ही काप एकाच फोटोतनं निघालेत, त्यामुळं गडदाखाली मधला आणि मधल्याखाली फिकट रंग आपोआप पसरलेला असतो, फ्रेम मिलिमीटरभर सरकली तरी मध्ये कोरी फट दिसत नाही. कृपा करून "खालचा रंग वाया जातोय" म्हणून तो कापून काढू नका, मी एका लेयरला काढला होता आणि पहिल्या ट्रायलला नाकाच्या कडेनं पांढरी चीर आली. छापताना हळदी आधी, मग वीट, गडद शेवटी, प्रत्येक रंग वाळल्यावर पुढचा. हे सगळं फिकट कापडाचं झालं, काळ्या टीशर्टवर खाली पांढऱ्याची वेगळी फ्रेम लागते, तिथं हा हिशोब बदलतो.

पंचवीस पिशव्या झाल्या. आजीनं एक घेतली, बोटानं कुंकवावरनं फिरवलं आणि विचारलं, "धुतल्यावर जाईल का रे?" आता तिच्यात शेंगा असतात.