उपचारासाठी परदेशी पैसे पाठवताना कोड तपासा

नातेवाइकाच्या उपचारासाठी परदेशी रुग्णालयाला थेट पैसे पाठवणार असाल, तर बँकेच्या ए-2 फॉर्मवरचा हेतूचा कोड सही करण्याआधी स्वतः वाचा. वैद्यकीय उपचारासाठीच्या प्रवासाचा कोड S0304. काउंटरवर घाईत ‘कुटुंबाचा निर्वाह’, म्हणजे S1301, टाकला जातो आणि मग वर्षात 10 लाखांवरच्या रकमेवर सवलतीच्या दराऐवजी 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून मिळतो, पण ऐन गरजेला पैसे अडकतात. सोबत पॅन, रुग्णाचा पासपोर्ट आणि रुग्णालयाचं लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक द्या. वर्षाची अडीच लाख डॉलरची मर्यादा ओलांडायची असेल तर याच अंदाजपत्रकावर परवानगी मिळते. शुल्काच्या रकान्यात OUR, म्हणजे सगळं बँक शुल्क पाठवणाऱ्याकडून, हा पर्याय निवडा, नाहीतर रुग्णालयाला रक्कम कमी पोचते.