सेल्फीतला चेहरा ग्रुप फोटोतल्या डोक्यावर बसवण्याआधी: Liquify ची तयारी

लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे छान आले आहेत, फक्त फेटा बांधलेल्या आजोबांचे डोळे मिटलेत. त्याच दिवशी नातवाने काढलेल्या सेल्फीत आजोबा डोळे उघडे ठेवून समोर बघत आहेत. माणूस तोच आहे, फेटाही तोच आहे, तरी सेल्फीतला चेहरा ग्रुप फोटोतल्या डोक्यावर ठेवला की निमुळता दिसतो. याचं कारण अंतर आहे. सेल्फी हातभर अंतरावरून निघते, त्यामुळे नाक आणि हनुवटी कॅमेऱ्याला जवळ असल्याने मोठी येतात, आणि गालांच्या कडा, जबड्याचे कोपरे मागे असल्याने आक्रसतात. ग्रुप फोटो चार-पाच मीटरवरून काढलेला असतो, तिथे हा फरक जवळजवळ उरत नाही. Photoshop मधल्या Liquify या चित्राचे भाग ढकलून आकार बदलणाऱ्या फिल्टरमध्ये आपल्याला काढायचा आहे तो हाच फरक. चेहरा सुंदर करणं किंवा बारीक करणं हे इथलं काम नाही.

पहिली तयारी म्हणजे योग्य सेल्फी निवडणं. हसण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं हवं. मोकळं हसू असेल तर गाल वर आणि बाहेर जातात, तोंड उघडं असेल तर हनुवटी खाली सरकते, आणि मग मोजलेली लांबी-रुंदी खोटी ठरते. मान किती वळली आहे तेही बघा. नाकाच्या शेंड्यापासून डाव्या आणि उजव्या गालाच्या कडेपर्यंतची अंतरं दोन्ही फोटोंत साधारण एकाच प्रमाणात असली पाहिजेत. एकीकडे मान वळलेली आणि दुसरीकडे चेहरा सरळ असेल, तर तो फोटो सोडून द्या. रुंदीचा स्लायडर दोन्ही गाल सारखेच फुगवतो, वळलेली मान तो सरळ करू शकत नाही. आणि हो, आजोबांना किंवा घरच्यांना आधी विचारलेलं असावं. ओळखपत्रासाठीच्या फोटोवर तर हे काम करायचंच नाही.

दुसरी तयारी मापांची. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डोळ्यांच्या बुबुळांमधलं अंतर मोजायची सवय अनेकांना असते, पण मिटलेल्या डोळ्यांत बुबुळं दिसत नाहीत. म्हणून एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत Ruler ने मोजा. पापण्या मिटल्या तरी हे कोपरे जागेवरच राहतात. समजा ग्रुप फोटोत हे अंतर १२० पिक्सेल आहे आणि सेल्फीत ६००. मग सेल्फीचा चेहरा २० टक्क्यांवर आणायचा. डोळ्यांची रेषा किती कललेली आहे तेही Ruler सांगतो, त्याप्रमाणे चेहरा फिरवून घ्या. लहान चेहरा मोठा करावा लागत असेल तर तो मऊ, पुसट दिसेल. सेल्फी मोठी असणं हीच सोयीची बाजू.

आता उरलेली तीन मापं दोन्हीकडे घ्या. गालांची सर्वांत जास्त रुंदी ग्रुप फोटोत १८४ आणि छोट्या केलेल्या सेल्फीत १७२. जबड्याच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर १४६ आणि १३६. डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंत १५३ आणि १५७. म्हणजे चेहरा बाजूंनी सुमारे सात टक्के रुंद व्हायला हवा आणि हनुवटी जराशी वर जायला हवी. इथे मोह होतो की Free Transform ने आडवं ताणून मोकळं व्हावं. तसं करू नका. त्याने डोळे आणि नाकही सात टक्के रुंद होतात, आणि नाक तर सेल्फीत आधीच मोठं आलेलं आहे. घरच्या माणसांना मग नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण आजोबा ओळखीचे वाटत नाहीत.

तिसरी तयारी थरांची. सेल्फीतला चेहरा कापून आणू नका. फेटा, कान, मानेसह पूर्ण डोकं आणा, कारण Liquify चेहरा आपोआप ओळखतो तो पूर्ण चेहरा दिसला तर. थर Smart Object करा, म्हणजे Liquify त्यावर Smart Filter म्हणून बसतो आणि नंतर पुन्हा उघडून बदलता येतो. आकार आणि कल आधीच ठरवून टाका, आणि नको तो भाग झाकणारा मास्क सगळ्यात शेवटी. वर एक रिकामा थर घेऊन त्यावर ग्रुप फोटोतल्या चेहऱ्याच्या खुणा बारीक रंगीत रेषांनी आखा: डोळ्यांची रेषा, हनुवटी, गालांच्या कडा, जबड्याचे कोपरे. Liquify च्या खिडकीत Show Backdrop चालू करून हा एकच थर निवडला की लक्ष्य समोर दिसतं. स्लायडरचे आकडे पिक्सेल नसतात, त्यामुळे +३० म्हणजे किती, हे या रेषांशिवाय कळत नाही.

चेहऱ्याचे स्लायडर फिके दिसत असतील तर Preferences मध्ये ग्राफिक्स प्रोसेसर बंद आहे का ते पाहा. क्रम असा ठेवा: आधी Face Width, गालांच्या कडा रेषांना टेकेपर्यंत. त्याने जबडाही थोडा सोबत सरकतो, म्हणून Jawline त्यानंतरच आणि उरलेल्या फरकापुरता. मग Chin Height हलकासा, आणि गरज वाटली तर Nose Width थोडा कमी. Forehead ला हात लावू नका, कपाळ फेट्याखाली आहे आणि त्या स्लायडरने फेट्याची किनार वाकते. चष्मा असेल तर Face Width नंतर त्याच्या काड्या तपासा, त्या सर्वांत आधी वाकतात.

उरलेले दोन-तीन पिक्सेल Forward Warp ने हाताने ढकला. ब्रश मोठा घ्या, अर्ध्या चेहऱ्याएवढा, आणि Pressure २० च्या आसपास. लहान ब्रशने जबड्याची कड करवतीसारखी खाचाखाचांची होते. फेट्याची आणि शर्टाच्या कॉलरची कड आधी Freeze Mask ने गोठवून ठेवा. आजोबा ग्रुपच्या अगदी टोकाला उभे असतील आणि फोटो वाइड लेन्सने काढला असेल, तर ते मुळात बाहेरच्या बाजूला जास्त ताणलेले असतात. अशा वेळी बाहेरचा गाल आतल्यापेक्षा थोडा अधिक ढकलावा लागतो.

मास्क लावताना ग्रुप फोटोतले कान, मान आणि जबड्याची बाहेरची कड ठेवा. सेल्फीतून फक्त भुवयांपासून खालच्या ओठाखालपर्यंतचा भाग आणि गालांचा आतला भाग घ्या. जबडा जुळवायचा तो यासाठी की आतली सावली आणि दाढीचे खुंट बाहेरच्या कडेला सलग मिळावेत. जुळलं नसेल तर गालावर दुसरी, फिकट जबड्याची रेषा दिसते. फोटो आडवा उलटवून आणि २५ टक्क्यांवर आणून बघितलं की ती लगेच डोळ्यात येते. ती दिसली तर मास्कची कड मऊ करत बसू नका. Smart Filter वर डबल क्लिक करून Liquify पुन्हा उघडा आणि Jawline बदला.

रुंदीतला फरक पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला, तर गालांवरचा पोत ताणलेला दिसू लागतो. तेव्हा जरा लांबून काढलेला दुसरा फोटो पाहुण्यांकडे मागा.