राजीनामा टाकायच्या आधी: फुल अँड फायनलची तयारी

नोकरी सोडून राहिले असाल तर राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी कंपनीचं पोर्टल उघडा, शिल्लक रजेचं पान काढा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवा. बाकी सगळं नंतर. मी हे केलं नाही आणि वीस हजार गेले.

आयटी पार्कमधली नोकरी मी सहा वर्षं सात महिन्यांनी सोडली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि कार्ड जमा केलं, त्रिमूर्ती नगरला घरी पोचेपर्यंत लॉगिन बंद. दीड महिन्यानं फुल अँड फायनलच्या हिशोबाचं शीट आलं, त्यात शिल्लक रजा 11. माझ्या 31 होत्या. आदल्या वर्षाच्या वीस रजा पुढे ओढल्याच नव्हत्या. फोन केला तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टीममध्ये अकराच दिसून राहिल्या, तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" नव्हता. बेसिक 26,000, कंपनी 26 नी भागायची, म्हणजे रजेचा एक दिवस हजार रुपयांचा. म्हणून सांगतो, स्क्रीनशॉट.

पैसे फक्त अर्न्ड लिव्हचे मिळतात, कॅज्युअलचे नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्न्ड लिव्ह 45 दिवसांपर्यंत साठते, पण तुमच्या कंपनीची पॉलिसी काय म्हणते ते बघा आणि तिची पीडीएफही त्याच मेलमध्ये टाका, कारण तीही पोर्टलवरच असते आणि पोर्टल बंद होतं.

मग अपॉइंटमेंट लेटर काढा. त्यात एकच गोष्ट शोधायची, नोटीस कमी भरली तर कपात बेसिकवर की ग्रॉसवर. इथे लोक फसतात. माझी नोटीस 60 दिवसांची, मी 45 भरले, 15 कमी. ग्रॉस 45,000, इथे कंपनी 30 नी भागायची, म्हणजे दिवसाला 1,500, त्यांनी 22,500 कापले. लेटरमध्ये स्पष्ट बेसिक लिहिलं होतं, त्या हिशोबानं 13,000 च होतात. लेटर घरी फाइलमध्ये होतं म्हणून फोटो पाठवला आणि 9,500 परत आले. रजेचे पैसे देताना बेसिक आणि कापताना ग्रॉस, असं झालंय का ते शीट आल्या आल्या तपासा. उरलेल्या रजा नोटीसमध्ये वळत्या होतात का तेही आधीच मेलवर विचारा, तोंडी "हो हो, होऊन जाईल" याला काही अर्थ नाही.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं झाली असतील तर (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नवीन कायद्यात एका वर्षावरही). शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरायचं, म्हणजे माझी सात वर्षं, 15,000 गुणिले 7, एक लाख पाच हजार. शीटमध्ये सहाच वर्षं लावलेली दिसली तर पंधरा हजार गेलेच समजा, तेव्हा जॉइनिंगची तारीख मोजून बघा. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते. राहिलेल्या पगाराचं तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दोन कामाचे दिवस म्हटलंय, तरी कंपन्या अजून "45 दिवस लागतात" सांगतात, त्यांना कलम 17 दाखवा.

शेवटच्या महिन्याचा पगार, प्रोफेशनल टॅक्स, हे तुम्हाला समजतंच. रिइम्बर्समेंटची बिलं लॉगिन चालू असतानाच टाका. सॅलरी स्लिपा सगळ्या डाउनलोड करा. आणि त्या धांदलीत रजेचं पान राहून जातं, माझं तसंच राहिलं, म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी परत एक स्क्रीनशॉट, कारण नोटीसच्या काळातही रजा जमा होत असते.

बोनसच्या नियमात बसत असाल तर वर्ष अर्धवट सोडलं तरी कामाच्या दिवसांचा बोनस मिळतो, तो शीटमध्ये बहुतेक नसतो, मागावा लागतो. पीएफ या हिशोबात येत नाही, कंपनीनं एग्झिट डेट टाकली का तेवढं बघा. रजेच्या पैशावर टीडीएस कापला असेल तर ठरावीक मर्यादेत सूट असते, रिटर्नमध्ये मागा. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म 16 मागून घ्या.

आणि "सर्व रक्कम मिळाली, काही बाकी नाही" असा कागद सहीला आला तर आधी शीट मागा, त्यातला रजेचा आकडा तुमच्या स्क्रीनशॉटशी जुळवा, मग सही. मी कागदावर सही आधी केली होती.