ब्रिजमधला फिनेस: या चुका टाळा

डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या तुमच्या जोडीदाराच्या पानांत, इस्पिकचा एक्का आणि राणी आहे, तुमच्याकडे सत्ती आणि तिर्री. राजा समोरच्या जोडीकडे, म्हणजे पूर्व किंवा पश्चिमेकडे. तुम्ही तिर्री उतरता, तुमच्यानंतर पाळी असलेला पश्चिम लहान पान टाकतो, तुम्ही डमीतून राणी लावता. राजा पश्चिमेकडे असेल तर त्याची पाळी होऊन गेलेली असते, म्हणून राणी हात करते. पूर्वेकडे असेल तर तो राणी खातो. दोघांकडे तेरा-तेरा झाकली पानं. राजा कुठेही असू शकतो, म्हणून ही खेळी, म्हणजेच फिनेस, जमण्याची शक्यता पन्नास टक्के.

नवख्यांची सर्वांत महागडी चूक म्हणजे उलट्या बाजूने खेळणं. डमीत एक्का आणि दोन लहान पानं, तुमच्याकडे राणी आणि दोन लहान पानं. पुष्कळजण राणी उतरतात. राजा पश्चिमेकडे असेल तर तो राणीवर राजा टाकतो, तुमचा एक्का तिथेच खर्च होतो आणि गुलाम, दश्शी त्यांची मोठी होतात. पूर्वेकडे असेल तर तो राणी मारतो. म्हणजे चांगल्या बचावापुढे राणीचा हात कधीच होत नाही! त्याऐवजी एक्का खेळून घ्या, मग डमीतून राणीच्या दिशेने लहान पान उतरा. राजा पूर्वेकडे असला की राणीचा हात तुमचाच. ज्या पानाचा हात करायचाय, त्याच्याकडे खेळायचं. राणीसोबत गुलाम आणि दश्शी असेल तर मात्र राणी उतरायला हरकत नाही.

दुसरी चूक घाईची. समजा थ्री नोट्रम्पमध्ये, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात करायच्या बोलीत, तुमचे आठ हात नक्की आहेत. नववा इस्पिकच्या फिनेसमधून येईल, किंवा बदामातून: तुमच्याकडे एक्का-राजा-राणी-दुर्री, डमीत तीन लहान पानं. आधी फिनेस केलात आणि फसला, तर डाव गेलाच असं नाही, पण समोरच्यांच्या हाती उतारी जाते आणि ते आपला लांब रंग वाजवू शकतात. म्हणून आधी बदामाचे तीन मोठे हात घ्या. समोरच्यांकडची सहा पानं तीन-तीन असतील, आणि ती सुमारे ३६ टक्के वेळा असतात, तर तुमची दुर्री नववा हात करते आणि फिनेसची गरजच उरत नाही. नसतील तर मग इस्पिकची तिर्री उतरा. दोन्ही संधी धरून शक्यता ६८ टक्क्यांच्या आसपास जाते.

आणि बोली ऐका. पन्नास टक्के हा आकडा राजाबद्दल काहीच कळलेलं नसतानाचा आहे. पूर्वेने १५ ते १७ पॉइंटांची वन नोट्रम्प उघडली असेल आणि मोठ्या पानांच्या एकूण ४० पॉइंटांपैकी तुम्हा दोघांकडे मिळून २५ असतील, तर उरलेले १५ त्याच्याकडेच आहेत. राजाही तिथेच. तिथे फिनेस करणं म्हणजे हात फुकट देणं. इतर रंग आधी संपवून शेवटी उतारी पूर्वेलाच द्या. त्याला इस्पिकच खेळावं लागलं तर तुमच्या एक्का-राणीचे दोन्ही हात होतात.