ताशी भाड्याने रोटाव्हेटर घेताना वाफसा पाहून नोंदणी करा

आमच्याकडे 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर 6 फुटी रोटाव्हेटरसह ताशी 1,100 रुपये भाड्याने मिळतो आणि त्यात डिझेल व चालकाची मजुरी धरलेली आहे. चालक सकाळी 7 ते संध्याकाळी 6 या वेळेत उपलब्ध असतो. चालकाविना ट्रॅक्टर दिला जात नाही.

तास मोजताना ट्रॅक्टरच्या मीटरवर विसंबू नये, कारण जुन्या यांत्रिक मीटरचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो आणि तो घड्याळाशी जुळेलच असे नाही. म्हणून आम्ही रोटाव्हेटर जमिनीला लागल्यापासून घड्याळाप्रमाणे वेळ धरतो आणि ती चालकासमोर वहीत लिहितो. सलग, लांबट 2 एकरांना साधारण अडीच तास, म्हणजे 2,750 रुपये लागतात; तेवढेच क्षेत्र लहान तुकड्यांत असेल तर वळणांमुळे वेळ वाढतो, म्हणून बांधांची माहिती आधीच द्यावी.

पेरणीच्या हंगामात किमान 4 दिवस आणि एरवी 1 दिवस आधी नोंदणी करावी. मात्र ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चार बोटे खोलवरची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन तो बोटाने सहज फुटला तर वाफसा आला आहे; हाताला चिकटून राहिला, तर काळ्या जमिनीत ढेकळे पडतात आणि खालचा थर दबतो. असे दिसल्यास त्याच संध्याकाळी कळवावे, आम्ही शुल्काविना तारीख पुढे ढकलतो.