पेटंटचा गोषवारा कसा तासावा: आधी अडचण, मग उपाय, मग फायदा

पेटंट अर्जाचा गोषवारा बहुतेक जण सगळ्यात शेवटी, डोकं थकल्यावर लिहितात. प्रस्तावनेतली दोन वाक्यं उचलायची, पहिला दावा जसाच्या तसा चिकटवायचा आणि वर ‘किफायतशीर व पर्यावरणपूरक’ अशी शेपटी लावायची. पुढे हाच मजकूर दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो. जुने शोध धुंडाळणारा माणूस तो वाचूनच पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, उघडायचा की पुढे जायचं हे ठरवतो.

चौकट थोडक्यात सांगतो. भारतीय पेटंट नियम, २००३ मधल्या नियम १३ प्रमाणे गोषवारा शीर्षकाने सुरू होतो आणि १५० शब्दांच्या आत संपतो. त्यात तांत्रिक क्षेत्र, आधीच्या ज्ञानापेक्षा झालेली प्रगती आणि मुख्य उपयोग स्पष्ट दिसायला हवा. अंदाजपंचे उपयोग चालत नाहीत. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत जातो, पण पहिली काटछाट मराठीतच करा असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीतली तयार वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की खालचा गोंधळ दिसतच नाही.

आता एक नमुना घेऊ. कांदा चाळीसाठी केलेल्या यंत्रणेचा हा कच्चा गोषवारा:

> प्रस्तुत शोध कांदा साठवणुकीच्या अत्याधुनिक स्मार्ट यंत्रणेशी संबंधित आहे. यात नळ्या, झडपा, पंखा, वायू-सेन्सर, नियंत्रक व मोबाइल अ‍ॅप यांचा समावेश असून ती कमी खर्चात अचूक निष्कर्ष देते. कांदा सडल्याने शेतकऱ्यांचे दरवर्षी मोठे नुकसान होते. सेन्सर प्रत्येक कप्प्यातील हवा आळीपाळीने तपासतो. भविष्यात ही यंत्रणा फळे, धान्य व औषधांच्या गोदामांसाठीही क्रांतिकारी ठरेल.

प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘अ’, ‘उ’ किंवा ‘फा’ लिहा. ज्याला तिन्हींपैकी काहीच लागू नाही ते वाक्य काढा, ज्याला दोन लागू होतात ते तोडा. ‘अत्याधुनिक’, ‘स्मार्ट’, ‘क्रांतिकारी’ आणि औषधांची गोदामं विचार न करता खोडा. इथवर पाच मिनिटांचं काम.

खरी गोची अडचणीच्या वाक्याची आहे. मी स्वतः याच टप्प्यावर सगळ्यात जास्त झगडलो, आणि ‘अडचण सोप्या शब्दांत लिहा’ या छापील सल्ल्याचा तिथे काडीचाही उपयोग झाला नाही. प्रश्न शब्दांचा नसतो, मापाचा असतो.

‘कांदा सडल्याने नुकसान होते’ ही अडचण फार मोठी आहे. त्यावर खेळती हवा हाही उपाय आहे आणि टिकाऊ वाण हाही. अशा वाक्याखाली कांद्यावरचा कुठलाही शोध खपून जाईल. मग संशोधकाला सांगितलं, जरा नेमकं लिहा, की तो हमखास दुसऱ्या टोकाला जातो: ‘अनेक कप्प्यांची हवा एकाच सेन्सरकडे नेणारी यंत्रणा सध्या उपलब्ध नाही.’ ही अडचणच नाही. हा उपायच नकारार्थी करून लिहिलेला आहे, आणि त्यामुळे पुढे उपाय वाचताना वाचणाऱ्याला नवं काहीच मिळत नाही.

मी एक चाचणी लावतो. खालचा उपाय हाताने झाकायचा आणि फक्त अडचण वाचायची. जाणकार माणसाला तिच्यावर दोन-तीन वेगवेगळे उपाय सुचले तर माप बरोबर. दहा सुचले तर अडचण सैल आहे, आणि एकच, तोही आपलाच, सुचला तर उपाय आत शिरलेला आहे.

इथे योग्य मापाची अडचण अशी निघाली: ढिगाच्या आत सुरू झालेली सड बाहेरून दिसत नाही, आणि प्रत्येक कप्प्यात सेन्सर बसवला तर खर्च वाढतो व धुळीने आणि दमटपणाने सेन्सर बिघडतात. आता यातल्या एकेका तक्रारीला उपायात उत्तर आहे का ते बघा. खर्चाला आहे, सेन्सर एकच. धुळीला आहे, सेन्सरआधी गाळणी आहे. कच्च्या मजकुरात ती आलीच नव्हती, विनिर्देशात सापडली. दमटपणाला मात्र काहीच नाही, कारण गाळणी दमट हवा कोरडी करत नाही. म्हणून ‘दमटपणा’ हा शब्द अडचणीतून गेला. तो खरा असला तरी गेला, कारण जे सोडवलं नाही त्याची तक्रार गोषवाऱ्यात करायची नसते.

फायदाही असाच उलटा तपासायचा. ‘कोणता कप्पा सडला ते कळते’ हा इथला मुख्य फायदा. तो कशामुळे मिळतो? झडपा एकामागून एक उघडतात म्हणून, असं उत्तर येतं, पण ते अपुरं आहे. आधीच्या कप्प्याची हवा सामाईक नळीत उरली तर सेन्सर शेजारच्या चांगल्या कप्प्यावर ठपका ठेवेल. म्हणजे दोन कप्प्यांच्या मध्ये बाहेरची हवा सोडून नळी साफ करणं हा उपायाचा कणा आहे. संशोधकाला ते किरकोळ वाटतं म्हणून तो लिहित नाही. मोबाइल अ‍ॅप मात्र हौसेने लिहितो, जे काढलं तरी फायद्याला धक्का लागत नाही.

एक ताकीद. असा दुवा विनिर्देशातच नसेल तर तो फक्त गोषवाऱ्यात घुसडू नका. अर्ज दाखल करण्याआधी विनिर्देशात घाला, कारण नंतर नवा मजकूर आत घेता येत नाही.

तासलेला मजकूर असा:

> कांदा चाळीतील सड ओळखणारी यंत्रणा. कांद्याच्या ढिगाच्या आत सुरू झालेली सड बाहेरून दिसत नाही, आणि प्रत्येक कप्प्यात वायू-सेन्सर बसवल्यास खर्च वाढतो व धुळीने सेन्सर बिघडतात. या यंत्रणेत प्रत्येक कप्प्यातून (१०) एक छिद्रांची नळी (१२) सामाईक नळीला (१६) मिळते. नियंत्रक (२४) नळ्यांवरील झडपा (१४) एकामागून एक उघडतो. पंखा (१८) त्या कप्प्यातील हवा गाळणीतून (२०) एकाच वायू-सेन्सरकडे (२२) ओढतो. पुढची झडप उघडण्याआधी बाहेरची हवा सोडून सामाईक नळी साफ केली जाते. वायूची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास उघड्या झडपेवरून कप्प्याचा क्रमांक दाखवला जातो. त्यामुळे एका सेन्सरने सर्व कप्पे तपासता येतात आणि सडीचा कप्पा नेमका कळतो. आकृती १.

कंसातले आकडे हौसेचे नाहीत. आकृती असेल तर प्रत्येक मुख्य भागापुढे तिच्यातला क्रमांक द्यावा, असं नियमच सांगतो.

फायद्याच्या वाक्यात ‘उत्तम’ किंवा ‘अधिक प्रभावी’ असा एकही शब्द नाही, हेही बघून ठेवा. अर्ज पुढे पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट करारामार्गे परदेशात जाणार असेल तर तिथल्या नियम ८ ला गोषवाऱ्यात शोधाच्या गुणांची वाखाणणी चालत नाही. यंत्रणा चालली की काय घडतं एवढंच लिहिलं तर फायदाही राहतो आणि हरकतही येत नाही.

शब्द मोजायचे ते इंग्रजी किंवा हिंदी मसुद्यात. मराठीत एका शब्दात जोडलेली विभक्ती तिकडे वेगळा शब्द होऊन बसते आणि आकडा फुगतो. अभिप्राय हवा असेल तर पेटंट एजंटाकडून किंवा गोपनीयतेचा करार केलेल्या माणसाकडून घ्या. अर्ज दाखल होण्याआधी हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात तर शोधाच्या नावीन्यालाच बाधा येऊ शकते.